पोस्टर बदललं, तुकड्या तशाच

"मावशी, शैक्षणिक मानसशास्त्राच्या निबंधाला मी ग्रोथ माइंडसेट घेतलंय. अर्धे लेख म्हणतात यानं मुलांचे मार्क वाढतात, अर्धे म्हणतात वर्गात काहीच होत नाही. तुमच्या इंग्लंडात तर शाळांनी हे करून पाहिलं. मी काय मानू?"
(नागपूरहून भाची, बी.एड.ची विद्यार्थिनी)

ग्रोथ माइंडसेट म्हणजे बुद्धी जन्मतः ठरलेली नसते, ती वाढू शकते, ही समजूत. सुरुवात इंग्लंडातल्याच चाचणीपासून कर, कारण तिचा निकाल सगळ्यात अडचणीचा आहे. शाळांत कशाचा उपयोग होतो हे तपासणाऱ्या एज्युकेशन एन्डोमेंट फाउंडेशन या संस्थेनं 'चेंजिंग माइंडसेट्स' या कार्यक्रमाचा अहवाल 2019 मध्ये प्रसिद्ध केला. 101 प्राथमिक शाळा आणि दहा-अकरा वर्षांची पाच हजारांवर मुलं त्यात होती. कुठल्या शाळांना कार्यक्रम मिळणार हे यादृच्छिक पद्धतीनं ठरवलं होतं. तिथल्या शिक्षकांना प्रशिक्षण दिलं गेलं, आणि बुद्धी प्रयत्नानं वाढते, चुकांतून मेंदू शिकतो, असे धडे त्यांनी काही आठवडे वर्गात घेतले. पुढं त्याच मुलांच्या भाषा आणि गणिताच्या राष्ट्रीय परीक्षांचे निकाल इतर शाळांशी ताडून पाहिले. फरक शून्य आला.

"फसलं" म्हणणारे लेख इथंच थांबतात. पण त्याच अहवालात नोंद आहे की तुलनेसाठी ठेवलेल्या शाळांतल्या बहुतेक शिक्षकांना ही कल्पना आधीच माहीत होती आणि एक तृतीयांशाहून जास्त शिक्षकांनी त्यावर प्रशिक्षणही घेतलं होतं. म्हणजे औषध घेतलेले आणि न घेतलेले अशी ही तुलना नव्हती. दोन्हीकडं थोडं थोडं औषध होतं. त्यामुळं या चाचणीवरून "कल्पना खोटी आहे" असं म्हणता येत नाही. "शिक्षकांना प्रशिक्षण देऊन सगळ्या वर्गाला धडे दिले, तर त्यांच्या नेहमीच्या शिकवण्यापेक्षा वेगळं काही हाती लागत नाही" एवढं मात्र ठामपणे म्हणता येतं. निबंधात ही दोन वाक्यं वेगळी ठेवलीस तर अर्धं काम झालं.

आता मार्क वाढण्याचा मुद्दा. 2018 मध्ये सिस्क, मॅकनमारा आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तोवरचे प्रयोग एकत्र करून सरासरी काढली. परिणामाचा आकडा आला 0.08, म्हणजे मार्कांच्या प्रमाण विचलनाच्या 0.08 पट. हा आकडा तुझ्या सराव पाठाच्या वर्गात आणून बघ. गणिताचा पेपर शंभर मार्कांचा आहे आणि मार्कांचं प्रमाण विचलन, म्हणजे मार्क सरासरीपासून साधारण किती पसरलेत ते, 20 आहे असं धर. 20 ला 0.08 नं गुणलं की 1.6 येतात. म्हणजे सरासरी दीड-पावणेदोन मार्क.

हे मी फोनवर सांगितलं तेव्हा तुझे बाबा लगेच म्हणाले, "अहो, आमच्या क्लासमध्ये दीड मार्कानं मुलाचं कॉलेज बदलून राहिलं! आणि मेहनत केली की सगळं येते, हे तर आम्ही वीस वर्षांपासून पोरांना सांगून राहिलो." भाऊजींचं निम्मं बरोबर आहे. स्वस्तात मिळणारे दीड मार्क टाकून द्यायचे नसतात. पण ते दीड मार्क कोणाच्या पदरात पडतात, हे त्यांनी पाहिलं नाही.

ते दिसतं अमेरिकेतल्या राष्ट्रीय अभ्यासात. डेव्हिड यीगर, ही कल्पना मांडणाऱ्या कॅरल ड्वेक आणि सहकाऱ्यांनी तो 2019 मध्ये 'नेचर'मध्ये छापला. 65 सरकारी शाळा आणि नववीची सुमारे 12 हजार मुलं. विश्लेषण कसं करायचं हे त्यांनी आधीच लिहून नोंदवलं होतं, त्यामुळं निकाल बघून प्रश्न बदलायला जागा नव्हती. मुलांनी संगणकावर एक छोटा ऑनलाइन कार्यक्रम दोन बैठकांत पुरा केला, दोन्ही मिळून तासाभराच्या आत. अवघड काम करताना मेंदूतले जोड कसे घट्ट होतात ते वाचायचं आणि मग पुढच्या वर्षी नववीत येणाऱ्या एखाद्या मुलाला सल्ल्याचं पत्र लिहायचं. उपदेश ऐकण्यापेक्षा दुसऱ्याला समजावताना माणूस स्वतःला जास्त पटवतो, हा त्यामागचा विचार. दुसऱ्या गटानं मेंदूबद्दलच वाचलं, फक्त "बुद्धी बदलते" हा भाग त्यात नव्हता. कोणत्या मुलानं काय वाचलं हे वर्गशिक्षकांना माहीत नव्हतं. भिंतीवर पोस्टर नव्हतं, परिपाठात भाषण नव्हतं.

यातून मागं पडलेल्या मुलांची सरासरी श्रेणी, चारपैकी मोजली जाते ती, 0.10 नं वर गेली. त्यांच्यातल्या नापासाच्या काठावर असलेल्यांचं प्रमाण सुमारे पाच टक्के-बिंदूंनी घटलं. वरच्या मुलांच्या श्रेणीत फरक पडला नाही. मात्र पुढच्या वर्षी वरच्या पातळीचं गणित निवडणाऱ्यांचं प्रमाण एकूणच थोडं वाढलं.

म्हणून भाऊजींना माझं उत्तर असं: तुमच्या बॅचमध्ये कटऑफच्या रेषेवर झुंजणारा मुलगा वरच्या गटातला आहे, आणि त्या गटाला श्रेणीत काही मिळालं नाही. ज्याला मिळालं तो तुमच्या क्लासची फी भरून येतच नाही. तो हिंगणा रोडवरच्या एखाद्या शाळेत मागच्या बाकावर बसलाय. आणि "मेहनत कर" एवढंच सांगणं म्हणजे हे संशोधन नव्हे. ड्वेक यांनीच 2015 मध्ये लिहून स्पष्ट केलं की नुसतं प्रयत्नांचं कौतुक करून मुलाला तिथंच ठेवणं चुकीचं आहे. मार्ग चुकत असेल तर दुसरी पद्धत शोधायला लावणं आणि मदत मागायला शिकवणं हाही त्याचाच भाग आहे. एकाच पद्धतीनं शंभर गणितं चुकवणाऱ्या मुलाला "अजून शंभर कर" म्हणण्यात काही हशील नाही.

त्याच अभ्यासात मला सगळ्यात मोलाची वाटते ती पुढची गोष्ट. ज्या शाळांत बरोबरीची मुलं आपणहून अवघड गणितं निवडत होती, तिथं परिणाम जास्त दिसला. जिथं सोपं निवडण्याचाच रिवाज होता तिथं तो विरला. 2022 मध्ये याच मंडळींनी गणिताच्या शिक्षकांकडं पाहिलं. बुद्धी वाढू शकते असं ज्या शिक्षकांना स्वतःला वाटत होतं, त्यांच्या वर्गात हा कार्यक्रम केलेल्या मुलांची गणिताची श्रेणी वाढली. बाकीच्या वर्गांत जवळपास नाही. इथं एक सावधगिरी ठेव. मुलांना कार्यक्रम यादृच्छिक पद्धतीनं दिला होता, शिक्षक तसे वाटलेले नव्हते. असे शिक्षक कदाचित इतर बाबतींतही वेगळे असतील, जास्त वेळ देत असतील, वह्या नीट तपासत असतील. शिक्षकाची समजूत हेच कारण आहे असं त्यावरून सिद्ध होत नाही.

ताईनं मध्येच फोन घेतला आणि म्हणाली, "अगं, हे सगळं खरं आहे. दहावीला सरांनी 'तुला गणित जमणार नाही, आर्ट्स घे' म्हटलं, मी घेतलं. आता पतसंस्थेचा सगळा हिशेब मीच बघते." तिची गोष्ट मला लहानपणापासून माहीत आहे आणि आजही ऐकताना राग येतो. पण एका माणसाच्या आयुष्यावरून हजारो मुलांची सरासरी कळत नाही, आणि ताईच्या गोष्टीत बदलायला हवी होती ती सरांची समजूत. तिच्या मनोवृत्तीत काही खोट नव्हती. दार बाहेरून लावलं होतं.

मी इथं माध्यमिक शाळेत गणित शिकवते. आमच्याकडं मुलांना मार्कांप्रमाणं 'सेट'मध्ये बसवतात, वरचा सेट आणि खालचा सेट. खालच्या सेटमधून वर जाणारी मुलं मी फार थोडी पाहिली आहेत. माझ्या विभागातल्या एक ज्येष्ठ सहकारी, ज्यांनी या प्रशिक्षणांची सगळी लाट अनुभवली, त्या एकदा म्हणाल्या, "आपण सभेत सांगितलं की बुद्धी वाढते आणि त्याच आठवड्यात मुलांच्या हातात सेटची यादी दिली. मुलांनी यादीवर विश्वास ठेवला." चाचणीचं शून्य यामुळंच आलं असं त्या म्हणत नाहीत, मीही म्हणणार नाही. ते कुणी मोजलेलं नाही. पण मला हे कारण बहुतेक लेखांतल्या कारणांपेक्षा पटतं.

आता नागपूरकडं बघ. तू सांगितलंस की तुझ्या सराव पाठाच्या शाळेत कार्यशाळा झाली, व्हरांड्यात 'चूक म्हणजे शिकण्याची संधी' असं पोस्टर लागलं, आणि घटक चाचणीचे पेपर वाटून झाले की मार्क रजिस्टरला चढतात आणि विषय संपतो. अ तुकडी हुशारांची, क तुकडी 'बाकीच्यांची', आणि हे मुलांना पहिल्या दिवसापासून ठाऊक. क्लासेसमध्ये तर बॅच मार्कांवरच ठरते. अशा वर्गात चूक ही संधी कुठून होणार? ती सुधारून दाखवायला जागाच नाही.

नागपुरात सध्या मला दोन बाजू ऐकू येतात. एक म्हणते, मुलांचं मन घडवा, बाकी आपोआप होईल. दुसरी म्हणते, साठ मुलांचा वर्ग आणि शिक्षकांच्या डोक्यावर जनगणना-निवडणुकीची कामं, तिथं मनोवृत्तीच्या गप्पा कशाला. पहिली बाजू मला धोक्याची वाटते. मार्क आले नाहीत तर "याचं माइंडसेटच फिक्स्ड आहे" म्हणायला ती मोकळी होते आणि 'मठ्ठ' या शिक्क्याच्या जागी नवा शिक्का येतो. दुसरीशी मी पुष्कळ सहमत आहे, तरी ती एक गोष्ट सोडून देते. तासाभराचा कार्यक्रम काठावरच्या मुलाला थोडं सावरू शकतो आणि त्याला मोठा वर्गही आड येत नाही.

वाद मिटलेला नाही, हेही निबंधात लिही. 2023 मध्ये 'सायकॉलॉजिकल बुलेटिन'मध्ये दोन मोठे आढावे एकाच वेळी आले. मॅकनमारा आणि बर्गॉइन यांनी 63 अभ्यास तपासले आणि म्हटलं की सरासरी 0.05 आहे आणि चांगल्या दर्जाचे अभ्यास वेगळे काढले तर परिणाम जवळजवळ उरतच नाही. ज्या संशोधकांचा यात आर्थिक हितसंबंध होता त्यांच्याकडून चांगले निकाल जास्त आले, हेही त्यांनी दाखवलं. बर्नेट आणि सहकाऱ्यांचं म्हणणं वेगळं: निकालांत इतकी तफावत आहे की एक सरासरी काढण्यापेक्षा कोणाला आणि कुठं उपयोग होतो हे विचारा. मला दुसरा प्रश्न जास्त उपयोगाचा वाटतो. पण पहिल्यांनी दाखवलेले दोष त्यामुळं पुसले जात नाहीत. फायदा झालेला गट निकाल बघून मागाहून निवडला, तर कुठलाही कार्यक्रम यशस्वी दाखवता येतो. अमेरिकेतल्या अभ्यासावर माझा विश्वास आहे तो तिथं हे आधी लिहून ठेवलं होतं म्हणून.

तुझ्या सराव पाठासाठी एक करून बघ, मुख्याध्यापिका परवानगी देत असतील तर. पुढची घटक चाचणी झाली की मुलांना आठवडाभर मुदत दे. चुकलेलं गणित दुसऱ्या पद्धतीनं सोडवून, कुठं अडलं होतं ते एका ओळीत लिहून आणलं, तर गेलेल्या मार्कांतले निम्मे परत. पोस्टर लावू नकोस, भाषण देऊ नकोस. किती मुलं वही परत आणतात आणि त्यातली मागच्या बाकावरची किती, एवढं मोजून ठेव. एका तुकडीवरून सिद्ध काहीच होणार नाही, आणि तू तसं लिहूही नकोस. भाऊजी म्हणाले, असे मार्क परत दिले तर पोरं चाचणीचा अभ्यासच करणार नाहीत. तसं होऊ शकतं. म्हणून वह्यांबरोबर त्याच्या पुढच्या चाचणीचे मार्कही लिहून ठेव, आणि दोन्ही आकडे मला पाठव.