वरून घातलेलं पाणी आणि पुडीतून आलेलं पाणी

"कॉफी जितकी कमी तितकी कडक. रिस्ट्रेटोत कॅफीन सगळ्यात जास्त. लुंगो, अमेरिकानो, लाँग ब्लॅक म्हणजे एस्प्रेसोत पाणी वाढवलंय, बाकी काही नाही. नावं चार, माल एकच." असा एक मेसेज आलाय.

आधी कॅफीनचं बघू, कारण त्यावरून राजारामपुरीतल्या आमच्या काउंटरवर कायम वाद होतो. तालमीतली पोरं व्यायामाआधी येतात आणि जोर येतो म्हणून हटकून रिस्ट्रेटो मागतात. आता हिशेब असा, की रिस्ट्रेटो असो की लुंगो, पोर्टाफिल्टरमध्ये, म्हणजे मशीनला लावायच्या दांड्याच्या गाळणीत, पूड आम्ही तेवढीच भरतो, १८ ग्रॅम. त्यातून साधारण २० ग्रॅम कॉफी उतरल्यावर थांबलो की रिस्ट्रेटो, ३६ला थांबलो की एस्प्रेसो, ५४च्या पुढे गेलो की लुंगो. कॅफीन पाण्यात चटकन विरघळतं, त्यामुळे त्यातलं बरंचसं सुरुवातीलाच उतरतं हे खरं. पण सगळं नाही. रिस्ट्रेटोत लवकर थांबल्यामुळे थोडं पुडीतच राहतं आणि पुडीबरोबर डब्यात जातं. घोटाघोटाला जास्त, कपाला कमी, असा तो प्रकार आहे. पोरांना जोरच हवा असेल तर पूर्ण एस्प्रेसो घ्यावा, किंवा बियांत रोबस्टा किती आहे ते विचारावं. रोबस्टात अरॅबिकाच्या जवळपास दुप्पट कॅफीन असतं. कपाच्या नावापेक्षा हा फरक कितीतरी मोठा.

कडकपणाचं म्हणणं अर्धं बरोबर आहे. रिस्ट्रेटो दाट असतो, जिभेवर बसतो. पण कॉफी दाट होणं वेगळं आणि पुडीतून किती माल निघाला ते वेगळं. ढोबळ आकडे घ्या: २० ग्रॅमच्या रिस्ट्रेटोत विरघळलेली कॉफी पावणेतीन ग्रॅमच्या आसपास, ३६ ग्रॅमच्या एस्प्रेसोत साडेतीनच्या थोडी वर, ५४च्या लुंगोत सुमारे चार. म्हणजे सगळ्यात दाट कपात माल सगळ्यात कमी. आणि जो राहिला तो नेमका कुठला, यावर चव ठरते. एकच शॉट तीन कपांत तोडून बघा, धार चालू असतानाच कप बदलत. पहिला काळपट, मधासारखा, पण आंबट-खारट, तोंड वाकडं करणारा. दुसऱ्यात गोडवा सापडतो. तिसरा पिवळट, पातळ आणि कडू. एकटा कुणी पिणार नाही. पण पहिल्याचा आंबटपणा झाकायला या दुसऱ्या-तिसऱ्याचीच गरज असते. म्हणून हलक्या भाजलेल्या बियांचा रिस्ट्रेटो बऱ्याचदा लिंबू पिळल्यासारखा लागतो आणि गडद भाजलेल्यांचा छान गोल लागतो. गडद बियांतला कडूपणा शेवटच्या धारेत येतो, ती धारच आपण घेत नाही.

आता पाण्याचं. मिसळीच्या तयार कटात वरून पाणी ओतलं तर कट पातळ होतो, मसाला काही जास्त उतरत नाही. अमेरिकानो तसा. ३६ ग्रॅम एस्प्रेसोत १८ ग्रॅम गरम पाणी घाला आणि शेजारी ५४ ग्रॅमचा लुंगो ठेवा. दोन्ही कप तेवढेच भरलेले. पहिल्यात एस्प्रेसोचीच चव, फक्त सैल झालेली. दुसऱ्यात ते १८ ग्रॅम पाणी पुडीतून आलेलं आहे, म्हणजे तो पिवळट शेवटचा भाग कपात आहे. कडूपणा जास्त, घशाला कोरडेपणा. हे दोन कप एक म्हणणाऱ्याने एकदा शेजारी शेजारी ठेवून प्यावेत, बास.

लुंगोची बदनामी मात्र बरीचशी आमच्याच लोकांमुळे आहे. एस्प्रेसोला लावलेलं बारीक दळण तसंच ठेवून नुसतं बटण उशिरा बंद करायचं, असा लुंगो जळकाच लागणार. दळण थोडं जाड केलं, पाणी जरा मोकळं वाहिलं, की तोच लुंगो हलका आणि पिण्यासारखा होतो. पण गर्दीच्या वेळी एका ऑर्डरसाठी ग्राइंडर फिरवून पुन्हा मूळ जागी आणायचा म्हणजे मधली पूड वाया. कोण करतंय?

लाँग ब्लॅक आणि अमेरिकानो यांच्याबाबत मात्र तो मेसेज फार चुकलेला नाही. लाँग ब्लॅक ही ऑस्ट्रेलिया-न्यूझीलंडची पद्धत: कपात आधी गरम पाणी, बहुधा शंभर-सव्वाशे मिली, मग त्यावर डबल शॉट. अमेरिकानोत उलट, एस्प्रेसोवर पाणी, आणि ते सहसा जास्त. पाणी नंतर ओतलं की क्रेमा, म्हणजे एस्प्रेसोवरचा तपकिरी फेस, मोडतो, आधी असलं की तो तरंगत राहतो. क्रेमा दिसायला देखणा, चवीला कडूच. त्यामुळे लाँग ब्लॅकचे पहिले दोन घोट धारदार लागतात. पाणी दोन्हींत सारखंच मोजलं आणि चमचा फिरवला, तर डोळे बांधून फरक ओळखणं मलाही अवघड जाईल. कुणी या दोघांसाठी वेगळे पैसे लावत असेल, तर शॉट आणि पाणी किती घालता ते खुशाल विचारा.