घरकाम, वय आणि बक्षिसं: फिरत असलेल्या एका सल्ल्याला उत्तर

"पाच-सहा वर्षांपर्यंत मुलांना कामं सांगूच नका, मदत कमी आणि पसारा जास्त. मोठी झाली की प्रत्येक कामाला स्टार किंवा पैसे ठरवा, मग आपोआप करतील. टीनएजर्सच्या मात्र मागे लागावंच लागतं, त्याला इलाज नाही."

आधी वयाचं बघू. फेलिक्स वार्नेकेन आणि मायकेल टोमासेलो या मानसशास्त्रज्ञांनी २००६ साली दीड वर्षाच्या मुलांवर एक प्रयोग केला. कपडे वाळत घालणाऱ्या माणसाच्या हातून चिमटा खाली पडतो आणि त्याचा हात तिथवर पोचत नाही, असे साधे प्रसंग मुलांसमोर घडवले. कुणी न सांगता, कौतुक किंवा बक्षीस न मिळता, जवळजवळ सगळ्या मुलांनी कुठल्या ना कुठल्या प्रसंगात मदत केली. म्हणजे इच्छा त्या वयात असतेच, कौशल्य नसतं. सहा वर्षांपर्यंत "तू जा, खेळ" ऐकलेल्या मुलाला घरकाम हा मोठ्यांचा प्रांत वाटू लागतो. पसारा होतो हे खरं, पण त्यावर उपाय कामाचा तुकडा लहान करणं हा आहे.

कपड्यांचंच काम घ्या. दोन वर्षांचं मूल मळके कपडे टोपलीत टाकतं, चिमटे हातात देतं. चौथ्या वर्षी मोज्यांच्या जोड्या लावतं. सहा-सात वर्षांचं मूल रुमाल आणि टॉवेलच्या घड्या घालतं. नऊ-दहाव्या वर्षी पांढरे आणि रंगीत वेगळे करणं, खिसे तपासणं, मोठ्यांच्या देखत मशीन लावणं जमतं. तेरा-चौदाव्या वर्षी स्वतःचे कपडे धुण्यापासून कपाटात ठेवण्यापर्यंतचं सगळं काम त्याच्याकडे जाऊ शकतं. ही वयं ढोबळ आहेत, खरी कसोटी मागचा टप्पा न सांगता जमतो का ही. डिटर्जंटच्या कॅप्सूल मात्र लहान मुलांच्या हाती पडणार नाहीत अशाच ठेवायच्या. खाऊसारख्या दिसतात आणि तोंडात फुटल्या तर गंभीर इजा होते.

इथे एक गोष्ट हमखास बिघडते. मुलाने घातलेली वाकडी घडी आपण त्याच्यासमोर सरळ करतो. आपण काही बोलत नाही, पण त्याला कळायचं ते कळतं. घडी कपाटात मावते ना? मग ती तशीच राहू द्यावी.

आता बक्षिसांचं. याच दोघांनी २००८ साली वीस महिन्यांच्या मुलांवर आणखी एक प्रयोग केला. मदत केल्यावर काही मुलांना वस्तू दिली, काहींचं नुसतं कौतुक केलं, काहींना काहीच दिलं नाही. पुढे बक्षीस बंद झाल्यावर वस्तू मिळालेल्या मुलांनी इतरांपेक्षा कमी मदत केली. प्रयोग छोटा होता, त्यावरून सगळ्या वयांचा निकाल लागत नाही. पण मोठ्या मुलांबाबतीत अडचण आणखी सरळ आहे: कामाला भाव ठरला की "आज मला पैसे नकोत" हे उत्तरही रास्त ठरतं, आणि आपल्याकडे त्यावर बोलायला काही उरत नाही. म्हणून पॉकेटमनी द्यायचा तर तो घरकामापासून वेगळा ठेवावा, पैसे हाताळायला शिकण्यासाठी. रोजच्या कामांपलीकडचं, एरवी बाहेरच्या माणसाला पैसे देऊन करून घेतलं असतं असं काम असेल, तर मोबदला द्यायला माझी हरकत नाही.

राहिला मागे लागण्याचा मुद्दा, आणि सल्ल्यातला हाच भाग मला सर्वांत घातक वाटतो. आपण रोज आठवण केली तर लक्षात ठेवण्याचं काम आपलंच राहतं आणि मूल आपल्या तिसऱ्या हाकेची वाट बघायला शिकतं. समजा, तेरा वर्षांच्या मुलीकडे तिचे कपडे सोपवायचे आहेत. पहिल्या आठवड्यात आपण करायचं, तिने शेजारी उभं राहून बघायचं. दुसऱ्या आठवड्यात तिने करायचं, आपण जवळ असायचं. मग काम पूर्ण म्हणजे काय ते एकदा स्पष्ट ठरवायचं: धुतलेले, वाळलेले, कपाटात गेलेले. वेळ घड्याळाला न बांधता प्रसंगाला बांधायची, जसं शनिवारचा नाश्ता झाल्यावर. आणि त्यानंतर गप्प राहायचं. अवघड तेच आहे. एखाद्या सोमवारी शाळेचा गणवेश मळका निघेल. रात्री गुपचूप धुऊन ठेवला तर हवाली केलेलं काम परत आपल्याकडे आलं. टोमणाही मारू नये. संध्याकाळी शांतपणे विचारावं, "कुठे अडलं?" बरेचदा अडचण आळसाची नसतेच: मशीन दुसऱ्या कुणी लावलेली असते, किंवा ओले कपडे आतच विसरलेले असतात.

आजारपणात किंवा परीक्षेच्या आठवड्यात तिचं काम आपण उघडपणे, सांगून करावं. ज्या मुलांना लक्ष टिकवणंच कठीण जातं, त्यांना मळका गणवेश फारसं काही शिकवत नाही. त्यांच्यासाठी मशीनवर पायऱ्यांची चित्रं चिकटवावीत आणि आठवणीचा अलार्म त्यांच्याच हाताने लावून घ्यावा.