बाकीचे तीन पर्याय ‘काहीही’ टाकून चालत नाहीत

‘केसवरचा एमसीक्यू काढणं सोपं आहे. अर्धं पान हिस्ट्री लिहा, एक उत्तर बरोबर ठेवा, बाकीचे तीन पर्याय काहीही टाका. स्पष्टीकरणात बरोबर उत्तर लिहिलं की झालं.’ वैद्यकीय परीक्षेचे प्रश्न काढणारे असं म्हणतात.

अर्ध्या पानाचं म्हणाल, तर लांबीने प्रश्न अवघड होत नाही, वाचणारा फक्त दमतो. प्रत्येक ओळीने एखादा पर्याय जवळ आणला पाहिजे किंवा बाद केला पाहिजे. आमच्या विदर्भातल्या पावसाळ्यातली ही केस बघा:

‘३२ वर्षांची शेतमजूर बाई, रात्री जमिनीवर झोपलेली. पहाटे ४ वाजता पोटात कळ, दोन उलट्या. ६ वाजेपर्यंत दोन्ही पापण्या खाली आल्या, बोलणं जड झालं, गिळता येईना. दंशाची खूण नाही, सूज नाही. बाहुल्या मोठ्या, तोंड कोरडं, घाम नाही. २० मिनिटांच्या चाचणीत रक्त गोठलं. काल दुपारी पऱ्हाटीत फवारणी चालू असताना शेजारी निंदण केलं होतं, पण रात्री जेवेपर्यंत त्रास नव्हता. सर्वांत संभाव्य निदान कोणतं?’

पर्याय: मण्यारचा दंश, घोणसचा दंश, ऑरगॅनोफॉस्फरस विषबाधा, गियाँ-बारे सिंड्रोम.

आता ‘काहीही’. इथे मलेरिया आणि मुतखडा टाकला, तर पोरं दोन सेकंदांत ते खोडतात आणि चार पर्यायांचा प्रश्न दोनचा होतो. पाच टक्केही विद्यार्थी ज्याला हात लावत नाहीत, तो पर्याय असून नसल्यासारखाच. चुकीचा पर्याय म्हणजे इंटर्नकडून खरोखर होणारी चूक. २०१७ मध्ये यवतमाळात फवारणीच्या विषबाधेने शेतकरी, शेतमजूर गेले, तेव्हापासून फवारणी आणि उलटी एकत्र दिसली की इकडच्या कुणाचंही मन आधी कीटकनाशकाकडेच जाणार. त्या ओढीसाठीच फवारणीची ओळ आहे. घाम, लाळ, बारीक बाहुल्या नसणं तिला उलटं फिरवतं.

पण इथेच घात होतो. समजा तुम्ही लिहिलं, ‘दोन दिवसांपूर्वी फवारणी केली, मग घाम आणि उलट्या झाल्या.’ ऑरगॅनोफॉस्फरसच्या तीव्र लक्षणांनंतर साधारण १ ते ४ दिवसांत इंटरमीडिएट सिंड्रोम येऊ शकतो. त्यात पापण्या पडतात, मान आणि श्वासाचे स्नायू ढिले होतात, आणि तेव्हा घाम-लाळ ओसरलेली असू शकते. म्हणजे दुसरं उत्तरही बरोबर ठरू लागतं, विद्यार्थी हरकत घेतात आणि प्रश्न रद्द होतो. ‘काल दुपारी’ आणि ‘जेवेपर्यंत त्रास नव्हता’ हे शब्द म्हणूनच ठेवलेत.

स्पष्टीकरणात नुसतं ‘मण्यार’ लिहिलं, तर चुकलेला पोरगा तिथेच अडकतो. त्याला सांगा: मण्यारचे दात बारीक, खूण बहुधा दिसत नाही, म्हणून खूण नसणं हा दंशाविरुद्धचा पुरावा नाही. घोणस असता तर सूज आणि न गोठणारं रक्त अपेक्षित होतं. गियाँ-बारे दोन तासांत इथवर पोचत नाही, त्याला दिवस लागतात, आणि अशक्तपणा बहुधा पायांपासून वर चढतो.

शेवटी पर्याय झाकून प्रश्न सहकाऱ्याच्या हाती द्या. तो आपणहून ‘मण्यार’ म्हणाला नाही, तर पर्यायांना हात लावू नका, हिस्ट्रीच पुन्हा लिहा.