गोड आवाज, आखूड वाक्यं: आजींना खरंच जास्त कळतं का?

«म्हातारपण म्हणजे दुसरं बालपण. आईवडिलांशी लहान मुलांशी बोलतो तसंच गोड, हळू, छोट्या छोट्या वाक्यांत बोला. त्यांना लवकर कळतं, ते ऐकतात आणि मायाही पोचते.»
(इंदूरच्या मराठी व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपांवर फिरणारा संदेश)

आधी कळण्याचं पाहू, कारण ते तपासलेलं आहे. अमेरिकेत कॅन्सस विद्यापीठातल्या सुझन केम्पर यांनी अशा बोलण्याचे भाग सुटे करून वृद्धांवर वेगवेगळे तपासले. तो अभ्यास 1999 साली प्रसिद्ध झाला. उपयोगी ठरल्या दोनच गोष्टी: वाक्यात वाक्य न गुंतवणं आणि सांगितलेलं थोडं विस्तारून पुन्हा सांगणं. लाडिक चढा सूर, रेंगाळत बोलणं आणि तोडलेली वाक्यं यांनी कळणं सुधारलं नाही. उलट ऐकणाऱ्यांच्या तक्रारी वाढल्या.

घरातलं उदाहरण घ्या. ‘काल डॉक्टरांनी जी बदलून दिली ती जेवणानंतरची गोळी राहिली ना तुमची?’ हे कुणालाही जड जाईल. ‘गोळी. घ्या. हं?’ हे आखूड आहे, पण कुठली गोळी आणि का, याचा पत्ताच नाही. ‘जेवण झालंय. आता बीपीची गोळी घ्यायची आहे. ही पांढरी, काल डॉक्टरांनी बदलून दिलेली.’ यात वाक्यं साधी आहेत आणि माहिती पूर्ण आहे.

चढ्या सुराची अडचण कानाशीही आहे. वयानुसार ऐकू येणं कमी होताना बहुधा उंच पट्टीतले ध्वनी आधी जातात. स, श, त, थ, क यांची ओळख त्याच पट्टीवर अवलंबून असते, म्हणून ताप, थाप आणि काप एकसारखे वाटू लागतात. ओरडलं की मुख्यतः स्वर फुगतात, व्यंजनं तिथंच राहतात. त्यापेक्षा टीव्ही बंद करा, हातभर अंतरावर समोर बसा, उजेड आपल्या चेहऱ्यावर येऊ द्या, नेहमीच्या आवाजात बोला आणि उत्तरासाठी थांबा. श्रवणयंत्र असेल तर त्याचा सेल आधी पाहा. निम्म्या घरांत गोंधळ तिथंच असतो, असं म्हणायचा मोह होतो.

आता ‘ऐकतात’ हा भाग. समजा, इंदूरच्या रामबागेतल्या एका घरी स्मृतिभ्रंश झालेल्या, शाळेत शिकवून निवृत्त झालेल्या बाई आहेत. सकाळी हिंदी बोलणारी अटेंडंट येते: ‘चलो अम्मा, अब हम नहाएँगे, अच्छी बच्ची हैं ना?’ बोलता बोलता तिचा हात ब्लाउजच्या हुकाकडे गेलेलाही असतो. अंघोळ एकट्या बाईंची आहे, तरी ‘हम’. विचारल्यासारखं केलंय, पण होकार गृहीत धरलाय. नकार दिला तर ‘बच्ची’ हट्टी ठरणार. शब्द विसरायला लागले तरी आवाजातला सूर बराच काळ ओळखू येतो, म्हणून आपल्याला हाताळलं जातंय हे बाईंना कळतं. त्या पदर घट्ट धरतात, हात झटकतात आणि वहीत नोंद होते: ‘चिडचिड, सहकार्य नाही.’

क्रिस्टीन विल्यम्स आणि सहकाऱ्यांनी 2009 मध्ये अमेरिकेतल्या एका अभ्यासात नर्सिंग होममध्ये राहणाऱ्या, स्मृतिभ्रंश असलेल्या 20 जणांच्या शुश्रूषेचे व्हिडिओ तपासले. बाळबोली वापरली तेव्हा विरोधाची शक्यता 0.55 निघाली, प्रौढांसारखं बोललं तेव्हा 0.26. काहीच न बोलता काम केलं तेव्हाही ती 0.36 होती, म्हणजे बाळबोलीपेक्षा कमीच. अभ्यास लहान आहे, आणि आधीच विरोध करणाऱ्यांशी लोक जास्त लाडात बोलत असतील, हीही शक्यता राहते. पण ‘असं बोललं की ऐकतात’ याला त्यातून आधार मिळत नाही.

त्याच सकाळी असं करता येतं. दारात थांबून, नजर मिळाल्यावर: ‘नमस्ते बाईजी। पानी गरम है। अभी नहाएँगी या चाय के बाद?’ पर्याय दोनच द्यावेत आणि दोन्ही खरे असावेत. उत्तर आलं नाही तर मनात सावकाश दहा मोजून तोच प्रश्न त्याच शब्दांत विचारावा. शब्द बदलले की त्यांना नवा प्रश्न सोडवावा लागतो. मग प्रत्येक कृतीच्या आधी एक वाक्य: ‘अब आपका हाथ पकड़ रही हूँ।’ ‘नहीं’ आलं तर हात मागे, आणि वीस मिनिटांनी पुन्हा.

राहिली माया. आपल्याकडे परक्या बाईलाही ‘आजी’ म्हणतात आणि त्यात अपमान नाही. नातवानं गळ्यात पडून केलेले लाड तर वेगळेच, कारण आजी त्याला उलट दटावू शकते. पगारी माणसाच्या हातात आपलं जेवण, औषध आणि कपडे असताना तशी सोय नसते. म्हणून हाक कशी मारायची हे पहिल्याच दिवशी विचारावं: काकू, आजी, बाई की आडनाव? आणि कुणाला ‘सोन्या’ आवडतं का, हे त्यांच्या मुलाला न विचारता त्यांनाच विचारावं, त्या समोर बसलेल्या असताना तर नक्कीच.