बारा रुग्ण, एक वही आणि दोन पी-व्हॅल्यू

वाचकाची प्रतिक्रिया: “बेझियन पद्धतीवरचा तुमचा लेख वाचला, पण पटला नाही. प्रायर म्हणजे संशोधकाच्या मनातला ग्रह, तो आकड्यांत मिसळायचा आणि त्याला संशोधन म्हणायचं? पी-व्हॅल्यू निदान फक्त डेटातून येते, तिला कुणाच्या मनाशी देणंघेणं नसतं. एम.ए.च्या मुलांना हे बेझियन खूळ शिकवलंत तर प्रत्येक जण आपल्याला हवं ते उत्तर काढून आणेल. मी बरीच वर्षं संख्याशास्त्र शिकवलं आहे, म्हणून स्पष्ट लिहितो.”

उत्तर:

सर, प्रायर, म्हणजे डेटा पाहण्याआधीचा विश्वास, संशोधकाने निवडलेला असतो, यावर आपला वाद नाही. माझी हरकत तुमच्या ‘फक्त डेटातून’ या दोन शब्दांना आहे. त्यासाठी वर्गात मी जे उदाहरण घेतो तेच इथे सविस्तर मांडतो. आकडे डेनिस लिंडली आणि फिलिप्स यांच्या १९७६ सालच्या लेखातले आहेत. मी ते परळच्या एका ओपीडीत आणून बसवले आहेत.

समजा, एक विद्यार्थिनी मधुमेहाच्या आहाराची दोन माहितीपत्रकं घेऊन ओपीडीबाहेरच्या बाकांवर बसलेल्या रुग्णांकडे जाते. एक पत्रक जुनं, एक नव्याने लिहिलेलं. प्रत्येकाला दोन्ही दाखवून विचारते, “यातलं कुठलं सोपं वाटतं?” वहीत ‘न’ किंवा ‘जु’ लिहिते. दिवसअखेर वहीत बारा नोंदी आहेत: चौथा, सातवा आणि बारावा रुग्ण ‘जु’ म्हणाला, बाकीचे नऊ ‘न’. शून्य गृहीतक असं की दोन्ही पत्रकं सारखीच, म्हणजे नवं निवडलं जाण्याची शक्यता ०.५. चाचणी एकतर्फी, पातळी ०.०५, म्हणजे पी-व्हॅल्यू त्याखाली आली तरच निकाल लक्षणीय. आता पी-व्हॅल्यू काढा.

तुम्ही लगेच काढाल. बारांपैकी नऊ किंवा त्याहून जास्त ‘न’ येण्याची शक्यता म्हणजे ४०९६ पैकी २९९, साधारण ०.०७३. निकाल लक्षणीय नाही. मार्गदर्शक मान हलवतात.

पण विद्यार्थिनी म्हणते, “मॅडम, मी बारा जण घ्यायचे असं ठरवलंच नव्हतं. मला जुनं पत्रक आवडणारे तीन जण हवे होते, त्यांच्या सविस्तर मुलाखती घ्यायच्या होत्या म्हणून. तिसरा मिळाला आणि मी थांबले.” आता नमुन्याचा आकार ठरलेला नाही, ‘जु’ची संख्या ठरलेली आहे. मग प्रश्न बदलतो: तिसरा ‘जु’ मिळायला बारा किंवा त्याहून जास्त माणसं लागण्याची शक्यता किती? म्हणजेच पहिल्या अकरांत जास्तीत जास्त दोन ‘जु’ असण्याची. ती येते २०४८ पैकी ६७, साधारण ०.०३३. निकाल लक्षणीय!

वही तीच, रुग्ण तेच, उत्तरांचा क्रमसुद्धा तोच. बदललं काय, तर कधी थांबायचं याबद्दल विद्यार्थिनीच्या मनात काय होतं, एवढंच. ज्या पद्धतीला कुणाच्या मनाशी देणंघेणं नाही असं तुम्ही म्हणता, तिनेच इथे मन विचारात घेतलं, आणि तेही वहीत कुठेही न लिहिलेलं.

याला गणितातली चूक म्हणता येणार नाही. पी-व्हॅल्यूच्या व्याख्येतच ते आहे. ‘शून्य गृहीतक खरं असताना, मिळाला तेवढा किंवा त्याहून टोकाचा निकाल येण्याची शक्यता.’ मुलं ‘किंवा त्याहून टोकाचा’ हे शब्द घाईत गिळतात, पण सगळी मेख तिथेच आहे. टोकाचे निकाल म्हणजे जे घडू शकले असते पण घडले नाहीत ते. पहिल्या योजनेत ते दहा, अकरा किंवा बारा ‘न’ असे आहेत. दुसऱ्या योजनेत तेरावा, चौदावा, पन्नासावा रुग्णही त्या यादीत येतो. यादी बदलली की बेरीज बदलते. हॅरल्ड जेफ्रीज यांनी १९३९ सालीच यावर बोट ठेवलं होतं: न घडलेल्या गोष्टींचं भाकीत केलं नाही म्हणून एखादं गृहीतक फेटाळायचं, हे विचित्र आहे.

आता बेझियन हिशोब बघू. नवं पत्रक निवडलं जाण्याची खरी शक्यता θ मानली, तर वहीतल्या नोंदींची लाइकलीहूड, म्हणजे त्या θ ला नेमक्या याच नोंदी येण्याची शक्यता, `θ⁹(1−θ)³` एवढीच. बारा ठरवून घेतले असतील तर तिला २२० ने गुणायचं, तिसऱ्या ‘जु’वर थांबली असेल तर ५५ ने. पण त्या गुणकांत θ नाही, त्यामुळे पोस्टेरिअर, म्हणजे डेटा पाहिल्यानंतरचा विश्वास, काढताना ते वर-खाली कटून जातात. दोन्ही कथांत उत्तर एकच. प्रायर सपाट घेतला, म्हणजे ० ते १ मधली θ ची प्रत्येक किंमत सारखीच शक्य मानली, तर θ अर्ध्याहून जास्त असण्याची शक्यता येते ०.९५. एखादा शंकेखोर परीक्षक म्हणेल, “पत्रकांत एवढा फरक नसतो हो.” त्याच्यासाठी अर्ध्याभोवती दाटलेला प्रायर घ्या, जणू आधीच वीस रुग्णांत दहा-दहा अशी वाटणी पाहिली आहे. मग तीच शक्यता ०.८६ वर उतरते. मी मुलांना दोन्ही आकडे शेजारी-शेजारी छापायला लावतो. मतभेद किती आणि कुठून आला, ते वाचणाऱ्याला दिसतं. पहिल्या पद्धतीत विद्यार्थिनी आणि मार्गदर्शक यांच्यातला मतभेद ०.०७३ आणि ०.०३३ यांच्या मागे दडून बसला होता.

राहिला मुद्दा हवं ते उत्तर काढण्याचा. तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो, कारण तो मोजून तपासता येतो. समजा विद्यार्थिनीला नवं पत्रक काहीही करून जिंकवायचं आहे. ती पर्यायी गृहीतकासाठी सोयीत सोयीचा प्रायर निवडते: डेटा बघून सगळं वजन थेट θ = ०.७५ वर टाकते. हा सरळसरळ लबाडीचा प्रायर झाला, कारण नऊ भागिले बारा म्हणजेच ०.७५. याहून फायदेशीर पर्याय अस्तित्वातच नाही. तरीही या पर्यायाखाली वहीतला डेटा शून्य गृहीतकाच्या तुलनेत फक्त ४.८ पट शक्य ठरतो. म्हणजे सुरुवातीला दोन्ही बाजूंना निम्मा-निम्मा विश्वास दिला असेल, तर सगळी लबाडी करूनही शून्य गृहीतकाकडे निदान १७ टक्के उरतात. आणि पर्यायाला सपाट प्रायर दिला, तर बेझ फॅक्टर, म्हणजे हेच ‘किती पट’चं गुणोत्तर, जेमतेम १.४३. शून्य गृहीतकाकडे ४१ टक्के राहतात.

या १७ टक्क्यांशेजारी ते ०.०३३ ठेवून बघा. वर्गात ‘पी ०.०३३ म्हणजे शून्य गृहीतक खरं असण्याची शक्यता ३ टक्के’ असं म्हणणारे दरवर्षी भेटतात, आणि खरं सांगायचं तर व्हायव्हा घेणाऱ्यांतही भेटतात. ती शक्यता काढायला आधीचा विश्वास लागतोच. तो सांगितलाच नाही तर ती काढता येत नाही, आणि सांगितला तर निम्म्या-निम्म्या वाटणीवर ती ३ टक्क्यांपर्यंत खाली येऊच शकत नाही. शून्य गृहीतकावर आधीच अगदी थोडा विश्वास ठेवला तर अर्थातच येईल. पण मग ते कागदावर लिहावं लागेल, आणि तुम्ही तिथे लाल पेनाने गोल कराल.

इथे चौकस विद्यार्थी अडतात. मघाशी ०.९५ आलं आणि आता शून्य गृहीतकाला ४१ टक्के, दोन्ही एकाच डेटातून कसे? प्रश्न वेगळे आहेत म्हणून. पहिला प्रश्न दिशेचा: नवं पत्रक सरस की जुनं? ‘अगदी सारखी’ हा पर्याय तिथे जवळजवळ नव्हताच, सपाट प्रायरमध्ये नेमक्या ०.५ या एका बिंदूला काही वजन नसतं. दुसऱ्यात आपण त्या एका बिंदूलाच निम्मा विश्वास दिला. दोन पत्रकांत रतीभरही फरक नसेल, हे तुम्हाला खरंच शक्य वाटतं का? मला नाही वाटत, म्हणून या अभ्यासात मी दिशेचा प्रश्नच विचारीन. पण टेलिपथीवरच्या प्रयोगात तो एक बिंदू अगदी गंभीरपणे घ्यावा लागतो. हे ठरवणं विषयातल्या माणसाचं काम आहे, सॉफ्टवेअरचं नाही.

आता तुमच्या बाजूचं एक, जे तुम्ही लिहिलं नाहीत. थांबण्याचा नियम पी-व्हॅल्यूला महत्त्वाचा वाटतो, त्यामागे ठोस कारण आहे. दर थोड्या रुग्णांनंतर डोकावायचं आणि ०.०५ खाली गेलं की थांबायचं, असं दुतर्फी चाचणीत केलं तर शून्य गृहीतक खरं असतानाही सारखे अंतर ठेवून पाच वेळा डोकावण्यात खोटा गजर वाजण्याची शक्यता ५ वरून १४ टक्क्यांवर जाते, दहा वेळांत १९ वर. नेमन-पिअर्सन परंपरेला दीर्घकाळात किती खोटे गजर वाजतात याची हमी द्यायची असते, आणि औषधांच्या चाचण्यांत ती हमी मलाही हवी आहे. बेझियन माणसाने इथे फुशारकी मारू नये. खरी θ नेमकी अर्धी असेल आणि एखादी विद्यार्थिनी सपाट प्रायर घेऊन ‘०.९५ दिसेपर्यंत मोजत राहीन’ असं म्हणाली, तर उशिरा का होईना, ती तिथे पोचतेच. बिंदूला वजन देऊन बेझ फॅक्टर वापरला तर बांध राहतो: प्रायर आधी पक्का केलेला असेल, तर शून्य गृहीतक खरं असताना बेझ फॅक्टर कधीतरी २० वर जाण्याची शक्यता, कितीही वेळा डोकावलं तरी, २० त १ हून जास्त नसते. पण इथेही अट आहेच, प्रायर आधी पक्का करण्याची. मघाचा ०.७५ वाला प्रायर डेटा बघून निवडला होता, त्याला हे संरक्षण मिळत नाही.

म्हणून माझ्या वर्गात सिनॉप्सिसबरोबर दोन ओळी लिहून द्याव्या लागतात: कधी थांबणार, आणि प्रायर कुठला व का. पी-व्हॅल्यू वापरणाऱ्यांनाही पहिली ओळ चुकत नाही. ओपीडीतल्या त्या मुलीने ती आधी लिहून दिली असती, तर ०.०७३ की ०.०३३ हा वाद मार्गदर्शकांच्या केबिनमध्ये झालाच नसता. बारा जणांवर नव्या पत्रकाचा निकाल लावायचा का, हा वाद मात्र उरला असता, आणि त्यावर माझं उत्तर आहे की अजून रुग्ण घ्या.