तासाला तीन कॉल, आणि फॉरवर्डमधलं उफराटं गणित

«फोटो नीट बघा, बारावी कॉमर्सच्या सराव परीक्षेतला प्रश्न आहे. 'एका हेल्पलाइनवर तासाला सरासरी ३ कॉल येतात. एका तासात एकही कॉल न येण्याची संभाव्यता काढा.' उत्तर दिलंय ०.०४९८. साफ चूक! १) सरासरी ३ असेल तर शून्य येणारच नाहीत. २) पॉयसन दुर्मिळ घटनांसाठी असतं, तासाला ३ कॉल दुर्मिळ कसे? ३) उपप्रश्नात अर्ध्या तासाचं उत्तर ०.२२३१ छापलंय. वेळ निम्मा तर उत्तरही निम्मं, ०.०२४९ हवं. ४) एक तास कोरडा गेला की पुढच्या तासात कॉल दुप्पट येतात, सरासरी भरून निघते. सूत्रात हे कुठे आहे? ५) खरे कॉल सकाळी जास्त, दुपारी कमी येतात. पुस्तकी गणित निरुपयोगी! मुलांपर्यंत पोहोचवा.»

मुलांपर्यंत पोहोचलं. नाशिकमधल्या इंदिरानगरच्या आमच्या कॉलनीच्या ग्रुपवरून भाचीच्या क्लासच्या ग्रुपवर गेलं आणि तिचा रात्री फोन आला, "मामा, सरांनी चुकीचं शिकवलं का?" तेवढ्यावर थांबलं असतं तर मी गप्प बसलो असतो. पण अंबडला पंपदुरुस्तीचं दुकान चालवणाऱ्या एका सभासदानं खाली लिहिलं, "चौथा मुद्दा एकदम पटला, आता कोरड्या तासानंतर फोनवर जादा माणूस बसवतो." आता यात त्या माणसाचा पगारही गुंतला. म्हणून हा खटाटोप.

सुरुवात तिसऱ्या मुद्द्यापासून करतो, कारण इतकं उफराटं विधान एवढ्या आत्मविश्वासानं केलेलं मी बऱ्याच दिवसांत वाचलं नव्हतं. समजा दहा ते अकरा या तासात एकही फोन वाजला नाही. मग दहा ते साडेदहातही वाजला नाही, हे उघडच आहे. म्हणजे पूर्ण तास शांत गेला की त्यातला पहिला अर्धा तास शांत जातोच. उलट पहिला अर्धा तास शांत जाऊन पावणेअकराला फोन वाजू शकतो. तेव्हा अर्धा तास शांत जाणं पूर्ण तासापेक्षा सोपं आहे, त्याची संभाव्यता जास्तच असली पाहिजे. फॉरवर्डवाल्यांनी ती निम्मी केली. त्याच न्यायानं एक मिनिट शांत जाण्याची संभाव्यता ०.०००८ येते, म्हणजे फोन जवळजवळ प्रत्येक मिनिटाला वाजायला हवा. तासाला तीन कॉल असताना!

निम्मी होते ती सरासरी. तासाला ३, तर अर्ध्या तासाला १.५. ठराविक वेळेत एखादी घटना किती वेळा घडेल याची संभाव्यता पॉयसनच्या सूत्रानं निघते. बारावीच्या पद्धतीनं सरासरीला m आणि कॉलच्या संख्येला x म्हटलं, आणि e हा सुमारे २.७१८ चा ठरलेला आकडा धरला, तर सूत्र असं:

```
P(x) = e^(-m) * m^x / x!
```

x शून्य ठेवला की उरतं फक्त e^(-m). m = ३ घेतला की ०.०४९८ आणि m = १.५ घेतला की ०.२२३१. छापलेली दोन्ही उत्तरं बरोबर आहेत. पडताळा हवा असेल तर तास शांत जायला दोन्ही अर्धे तास शांत जावे लागतात आणि ते एकमेकांवर अवलंबून नाहीत, म्हणून गुणाकार करा. ०.२२३१ गुणिले ०.२२३१ बरोबर ०.०४९८. ०.०२४९ ला स्वतःशी गुणून बघा, काय हाती लागतं ते. भाचीच्या वर्गात बहुतेक जण इथेच मार्क घालवतात. प्रश्नात वेळ बदलते, मुलं m तसाच ठेवतात आणि शेवटच्या उत्तराला भागत बसतात.

पहिला आणि दुसरा मुद्दा एकत्रच घेतो. सूत्रातली 'दुर्मिळ घटना' तासाच्या नजरेनं दुर्मिळ नसते, फोन करू शकणाऱ्या एकेका माणसाच्या नजरेनं असते. समजा हेल्पलाइनचे १८०० ग्राहक आहेत आणि कोणत्याही एका तासात एखाद्या ग्राहकानं फोन करण्याची शक्यता ६०० त १ आहे. सरासरी झाली ३. आता एकही फोन न येण्यासाठी १८०० च्या १८०० जणांनी गप्प बसायला हवं. म्हणजे ५९९/६०० हा अपूर्णांक १८०० वेळा स्वतःशी गुणायचा. कॅल्क्युलेटर ०.०४९७ दाखवतो, पॉयसन ०.०४९८ म्हणतं. चौथ्या दशांश स्थळी एकाचा फरक. माणसं खूप आणि प्रत्येकाची शक्यता नगण्य असली की लांबलचक गुणाकाराऐवजी e^(-m) पुरतं, 'दुर्मिळ' या अटीचा अर्थ एवढाच. तासाला ३०० कॉल आले तरी ही अट पाळली जाऊ शकते.

आणि शून्य 'येणारच नाहीत' म्हणणाऱ्यांसाठी जुना पुरावा आहे. लाडिस्लाउस बोर्टकेविच या अभ्यासकानं १८९८ साली प्रशियाच्या सैन्यातली एक विचित्र नोंद मांडली, घोड्याच्या लाथेनं मेलेल्या सैनिकांची. लष्कराची १० पथकं आणि २० वर्षं, मिळून २०० नोंदी. एकूण मृत्यू १२२, म्हणजे पथकामागे वर्षाला सरासरी ०.६१. पॉयसनच्या हिशेबानं २०० पैकी सुमारे १०८.७ नोंदींत शून्य मृत्यू हवेत. प्रत्यक्षात होते १०९. एक मृत्यू असलेल्या नोंदी हिशेबानं ६६.३, प्रत्यक्षात ६५. दोन मृत्यूंच्या हिशेबानं २०.२, प्रत्यक्षात २२. लाथ मारायच्या आधी घोड्यांनी सरासरी विचारली नव्हती. टेलिफोनचंच उदाहरण हवं असेल तर कोपनहेगनच्या टेलिफोन कंपनीत काम करणाऱ्या ए. के. एरलांगनं १९०९ साली कॉलच्या संख्येला हेच वितरण लागू पडतं हे दाखवलं. पुढे टेलिफोन वाहतुकीच्या एककाला त्याचंच नाव मिळालं.

तीनची सरासरी म्हणजे दर तासाला तीन नव्हेत. दुकान दिवसाला ८ तास, महिन्याला २५ दिवस उघडं धरलं तर २०० तास होतात. त्यांपैकी बरोबर तीन कॉलचे तास साधारण ४५ भरतील. एकही कॉल नसलेले दहाएक असतील आणि सहा किंवा जास्त कॉलचे सतराएक.

हे सतरा तासच चौथ्या मुद्द्याचं मूळ आहेत. कोरड्या तासानंतर कधीतरी सहा फोनचा तास येतो, तो लक्षात राहतो आणि 'बघा, भरून निघालं' असं वाटतं. सहा फोनचा तास इतर तासांनंतरही तेवढाच येतो, तिकडे लक्ष जात नाही. फोन करणाऱ्या सिन्नरच्या शेतकऱ्याला मागचा तास तुमचा फोन वाजला नाही हे कळणार कसं? त्याचा पंप जळला की तो फोन लावणार. कोरड्या तासानंतर सहा किंवा जास्त कॉल येण्याची संभाव्यता आधी होती तेवढीच राहते, ०.०८४.

मग सरासरी सांभाळते कोण? कोणीच नाही. पहिला तास शून्यावर गेला, उरलेल्या १९९ तासांत अपेक्षेप्रमाणे ५९७ कॉल आले, तर महिन्याची सरासरी २.९८५ झाली. तुटलेले तीन कॉल परत आले नाहीत, ते मोठ्या बेरजेत विरघळले. पंपवाल्या सभासदांना एवढंच सुचवतो की चार-सहा महिन्यांच्या वहीतून कोरड्या तासांनंतरचे तास वेगळे काढा आणि त्यांचीच सरासरी घ्या. सहा आली तर मी चहा पाजतो.

ती तीनही येणार नाही अशी दाट शक्यता आहे, आणि त्याचं कारण पाचव्या मुद्द्यात आहे. हा मुद्दा मात्र, नाइलाजानं का होईना, मला मान्य करावा लागतो. दिवसभर एकच m धरणं खऱ्या दुकानात चालत नाही. समजा सकाळच्या चार तासांत सरासरी ५ आणि दुपारच्या चार तासांत सरासरी १ आहे. एकूण सरासरी ३ च. सकाळी कोरड्या तासाची संभाव्यता ०.००६७, दुपारी ०.३६७९. दिवसातला कोणताही एक तास उचलला तर ती ०.१८७ होते, प्रश्नातल्या उत्तराच्या पावणेचारपट. महिन्याला दहा नव्हे, सदतीसएक तास कोरडे.

पण फॉरवर्डवाल्यांनी आपलाच चौथा आणि पाचवा मुद्दा शेजारी ठेवून वाचायला हवे होते. या दुकानात कोरडा तास सापडला तर तो जवळजवळ नक्की दुपारचा असतो, ९८ टक्के. त्याला लागून येणारा तासही बहुधा दुपारचाच. म्हणजे तिथे सहा सोडाच, सरासरी एकाच्याच आसपास कॉलची अपेक्षा. पाचवा मुद्दा जितका खरा, तितका चौथा खोटा. जादा माणूस बसवायचाच असेल तर सकाळी बसवा.

'निरुपयोगी' मात्र मान्य नाही. दर बदलतो म्हणून पॉयसन टाकून द्यायचं नसतं, दिवसाचे तुकडे करून प्रत्येक तुकड्याला त्याचा m द्यायचा असतो. परीक्षेतल्या प्रश्नात दर एकच दिलेला असतो, म्हणून तिथे एकच पुरतो. आपल्या वहीला एक m पुरतो का, हे ओळखायची सोपी खूण आहे. पॉयसनमध्ये सरासरी आणि प्रचरण, म्हणजे व्हेरियन्स, सरासरीपासूनच्या फरकांच्या वर्गांची सरासरी, सारखेच असतात. तासातासाचे आकडे मांडून दोन्ही काढा. सरासरी ३ आणि प्रचरणही तीनच्या आसपास आलं तर ठीक. वरच्या सकाळ-दुपारच्या दुकानात प्रचरण ७ येतं, म्हणजे दोन वेगळे दर एकाच पिशवीत भरलेत.

तुकडे करूनही प्रचरण फुगलेलंच राहिलं तर कॉल एकमेकांपासून सुटे नाहीत. मे महिन्यात वळवाचा पाऊस झाला, सिडकोतली वीज गेली आणि परत येताना दाब वर-खाली झाला, की दहा घरांतल्या मोटारी एकदम बंद पडतात आणि दहा फोन एकाच कारणानं येतात. तिथे पॉयसन फसतं. असे तास वहीत खूण करून वेगळे ठेवावेत.

उलट प्रचरण सरासरीपेक्षा बरंच कमी आलं तर खूश होऊ नका. फोन एकच आणि उचलणारा एकच असेल तर गर्दीच्या तासातले कॉल लागतच नाहीत, वहीत तेवढेच चढतात जेवढे उचलले गेले. वरची टोकं अशी छाटली की आकडे शिस्तीत दिसतात, गिऱ्हाईक मात्र दुसऱ्या दुकानात गेलेलं असतं. म्हणून वहीत मिस्ड कॉलसाठी वेगळा रकाना ठेवा. आणि एकाच नंबरवरून पाच मिनिटांत चार वेळा आलेला कॉल तिथे एकच मोजा, नाहीतर घाई झालेला एकच माणूस तुमचं प्रचरण बिघडवून जाईल.