बिनपट्टीचे डॉलर

आमचे तात्या तासगावला सौद्यात बेदाणा विकून आले की खिशातून दोन कागद काढतात. एक चेक आणि एक पट्टी. चेक ते लगेच काकूच्या हवाली करतात. पट्टी मात्र चष्मा लावून, चहा गार होईपर्यंत वाचतात. वर बॉक्स किती, वजन किती, दर काय. खाली हमाली, तोलाई आणि काय काय कापलं ते. शेवटी खालचा आकडा चेकवरच्या आकड्याशी जुळला की तात्या "हं" म्हणतात. तो "हं" आला नाही तर अडत्याला फोन जातो, आणि तो फोन शेजारच्या गल्लीतही ऐकू येतो.

मी या पट्टीला फार हसायचो. मी सांगलीत घरी बसून परदेशी लोकांच्या वेबसाइट्स करतो. माझा माल वजनात मोजत नाहीत, त्याला हमाल लागत नाही, तो पावसात भिजत नाही. डॉलर तिकडून निघणार, रुपये होऊन इकडे उतरणार. मध्ये आहेच कोण?

मध्ये कोण आहे, हे मला नोव्हेंबर २०२४च्या एका बिलाने दाखवलं.

बिल होतं ८०० डॉलरचं. कॅनडातल्या एका बेकरीची वेबसाइट. काम मंजूर झालं त्या दिवशी मी, सगळेच करतात तसं, गूगलवर दर पाहिला. ८४ रुपये १० पैसे. म्हणजे ६७,२८० रुपये. हा आकडा मी आईला सांगितला, ही माझी पहिली चूक. आईने तो समोरच्या वहिनींना सांगितला. तिथून पुढे त्या आकड्यावर माझा ताबा राहिला नाही.

आठ-दहा दिवसांनी खात्यात जमा झाले ५४,५८०.१४.

चौदा पैसे! बारा हजार सातशे रुपये गायब आणि चौदा पैसे जागच्या जागी. एवढा काटेकोर चोर मी कधी पाहिला नव्हता.

तरीही खरं सांगायचं तर मी ते सोडून दिलं होतं. "परदेशी व्यवहार म्हटल्यावर कापाकापी होणारच" असं म्हणून मी पुढच्या कामाला लागलो. रिटर्न भरायची वेळ आली तेव्हा आमच्या सीएंनी ते उकरून काढलं. "बिल आठशेचं आणि जमा एवढेच?"

"जमा आहेत तेवढेच धरा की," मी उदारपणे म्हणालो.

"तसं नाही चालत. उत्पन्न आठशे डॉलरचंच. मधे जे कापलं तो तुमचा खर्च. आणि खर्च म्हटला की कागद आला. जुळवून आणा."

म्हणजे मला माझी पट्टी मीच लिहायची होती.

रविवारी सकाळी मी जेवणाच्या टेबलावर बसलो. सुरुवात झकास झाली. ज्या प्लॅटफॉर्मवरून काम मिळतं, तो दहा टक्के कमिशन घेतो. हे मला माहीत होतं. ८० डॉलर गेले, राहिले ७२०. पण त्यांच्या स्टेटमेंटमध्ये शिल्लक ७०५.६० दिसत होती. हे १४.४० कुठे गेले? अर्धा तास मी आठशेचे निरनिराळे टक्के काढत बसलो. पावणेदोन टक्के? दोन टक्के? आई शेंगा निवडत होती. तिने एकदा कागदाकडे पाहिलं आणि म्हणाली, "ऐंशीवर अठरा टक्के काढ की. केबलवाला नाही का बिलावर लावत?"

निघालं. कमिशन ही त्यांनी मला दिलेली सेवा, आणि माझ्याकडे जीएसटी नंबर नसल्यामुळे त्या सेवेवरचा जीएसटी ते माझ्याकडून वसूल करतात. म्हणजे माझेच पैसे कापण्याची मला जी सेवा मिळाली, तिच्यावर मीच कर भरला.

पुढची पायरी सोपी. पैसे थेट बँकेत वायरने मागवायचे तर प्रत्येक वेळचे ३० डॉलर. रक्कम शंभरची असो की हजाराची, तीसच. टेम्पोत एक बॉक्स टाका नाहीतर पन्नास, टेम्पोचं भाडं ठरलेलं. म्हणून शहाणी माणसं तीन-चार बिलं साठवून एकदम मागवतात. मी मात्र समोरच्या वहिनींना तोंड दाखवायचं म्हणून घाईने एकटं बिल मागवलं होतं. राहिले ६७५.६०.

इथवर सगळं प्लॅटफॉर्मच्या कागदावर होतं. आता बँकेचा कागद. परदेशातून पैसे आले की बँक एक इनवर्ड रेमिटन्सची सूचना देते. देते म्हणजे मागितली तर देते. मी शाखेत गेलो तेव्हा काउंटरवरच्या मॅडम म्हणाल्या, "फॉरेक्सचं आमच्याकडं नसतं, ते मुंबईला." आमच्या बँकेत जे जे अवघड असतं ते मुंबईला असतं. मुंबईने तीन दिवसांनी ईमेल पाठवली. तिच्यात रक्कम होती ६६०.६० डॉलर.

तिकडून निघाले ६७५.६०, इकडे पोचले ६६०.६०. पंधरा डॉलर वाटेत सांडले.

प्लॅटफॉर्मला लिहिलं. ते म्हणाले, आम्ही पूर्ण पाठवले. बँकेतल्या मॅडमना विचारलं. त्या म्हणाल्या, आम्हाला एवढेच मिळाले. दोघंही खरं बोलत होते, हे मला फार उशिरा कळलं. पाठवणाऱ्या बँकेचं आणि माझ्या बँकेचं एकमेकींकडे खातं नसेल, तर पैसे तिसऱ्या बँकेमार्फत येतात, आणि ती जाता जाता आपला हात धुऊन घेते. देशोदेशीच्या बँका पैसे पाठवताना एकमेकींना स्विफ्ट नावाच्या जाळ्यावरून संदेश धाडतात, याचा पुरावा त्या मूळ संदेशात असतो. मुंबईला आणखी दोन ईमेल पाठवून मी त्याची प्रत मागवली. पानभर मजकुरातल्या या चार ओळींत माझे पंधरा डॉलर सापडले:

```
:32A:241112USD660,60
:33B:USD675,60
:71A:SHA
:71F:USD15,
```

`33B` म्हणजे निघाले किती, `32A` म्हणजे पुढे दिले किती, आणि `71F` म्हणजे वाटेत काढून घेतले किती. `SHA` म्हणजे खर्च दोघांनी वाटून घ्यायचा. पाठवणाऱ्याने आपल्या दारातला द्यायचा, वाटेतला घेणाऱ्याच्या माथी. त्या जागी `OUR` असतं तर सगळा खर्च पाठवणाऱ्याचा. पण ते `OUR` लिहिणं माझ्या हातात नव्हतं.

आता डॉलर संपले, रुपये सुरू झाले. बँकेने दर लावला होता ८२.९५. गूगल म्हणत होतं ८४.१०. मी फोनवर मुंबईच्या साहेबांना जरा तावातावाने विचारलं, "हा कुठला दर?"

"आमचा खरेदीचा दर."

"पण गूगलवर..."

"मग गूगलला विकायचे होते."

रागावून उपयोग नव्हता. वर्तमानपत्रात मार्केट यार्डातला भाव छापून येतो म्हणून दारावरचा भाजीवाला त्या भावाने देतो का? गूगलचा दर हा घेणाऱ्या आणि विकणाऱ्याच्या मधोमधला असतो. त्या दराने सामान्य माणसाकडून सहसा कोणी घेत नाही आणि त्याला कोणी देतही नाही, तो फक्त आयांना सांगायला असतो. बँक आपल्याकडून स्वस्तात घेते, आणि उद्या मी भाचीच्या सहलीसाठी डॉलर मागायला गेलो तर महागात देईल. शिवाय माझे पैसे दोन दिवस नुसते अडकून पडले होते. पैसे कसले आहेत याचा कोड भरून द्यायचा राहिला होता. तो बँकेचा ईमेल मी जाहिरात समजून उडवून दिला होता. `P0802`, सॉफ्टवेअरचं काम. मी तो कळवला तेव्हा कुठे डॉलरचे रुपये झाले, आणि दर लागला तो त्या दिवशीचा.

असो. ६६०.६० गुणिले ८२.९५, म्हणजे ५४,७९६.७७. खात्यात ५४,५८०.१४. आता फक्त २१६.६३ रुपयांचा घोळ राहिला होता.

बारा हजारांचा हिशेब एकदाचा लागला. या दोनशे सोळा रुपयांनी मला आठवडाभर झोपू दिलं नाही. आई म्हणाली, "देवाला वाहिले समज." पण सीए देवाची पावती घेत नाहीत.

पुन्हा मुंबईला फोन. परदेशी पैसे जमा करण्याचे शंभर रुपये, वर अठरा टक्के. ११८ झाले. उरले ९८.६३. मी म्हटलं, हेही अठरा टक्केच असणार. उलटं भागलं तर आलं ५४७.९४ की काहीसं. म्हणजे बँकेने कशाचे तरी साडेपाचशे घेतले आणि त्यावर कर लावला? पण साडेपाचशे तर कुठेच कापलेले नव्हते!

"ते कापलेले नाहीत," साहेब शांतपणे म्हणाले, "ते मानलेले आहेत."

झालं असं, की चलन बदलून देणं ही बँकेची सेवा. सेवेवर कर. पण बँक तिची वेगळी किंमत लावत नाही, ती दरातच कमावते. मग कर कशावर लावायचा? म्हणून नियमाने किंमत मानून घेतली आहे. एक लाखापर्यंतच्या रकमेला एक टक्का, पण अडीचशेच्या खाली नाही. म्हणजे किती का कमी डॉलर येईनात, पंचेचाळीस रुपये कर ठरलेला. माझ्या ५४,७९६.७७चा एक टक्का ५४७.९७, त्याचे अठरा टक्के ९८.६३.

आपल्याकडे मानलेला भाऊ असतो, मानलेली बहीण असते. मानलेली किंमत मी पहिल्यांदाच पाहिली. मानलेल्या भावाला निदान राखी तरी बांधतात.

पण जुळलं! पैशाला पैसा जुळला. मी वहीच्या एका पानावर ओळीने सगळं मांडलं, वर आठशे डॉलर आणि खाली चौदा पैसे, आणि तात्यांसमोर ठेवलं. त्यांनी चष्मा लावला. चहा गार झाला. त्यांनी बोटाने एकेक ओळ चाचपली.

"ही ऐंशीची अडत. हे तीस, टेम्पोभाडं. हे दर पाडून घेतलं, ते व्यापारी घेतोयच. पण हे पंधरा कशाचं?"

"वाटेतल्या बँकेने घेतले."

"म्हंजे हमाली. नाव काय हमालाचं?"

"ते त्या कागदावर नव्हतं, तात्या."

तात्यांनी चष्मा काढला. "हं" काही आला नाही. त्यांनी माझा फोन माझ्याकडे सरकवला आणि म्हणाले, "लाव फोन त्या कॅनडावाल्याला. मी बोलतो."